खांदा आधी, हात नंतर

पाठदुखी, गुडघ्यांची झीज किंवा पोक या तक्रारी घेऊन येणाऱ्या वयस्क मंडळींना पोहण्याचा सल्ला दिला, की त्यांतील बहुतेक जण उताणे पोहणे, म्हणजे बॅकस्ट्रोक, पसंत करतात. तोंड पाण्याबाहेर राहते, श्वासाचा मेळ बसवावा लागत नाही, मान पुन्हा पुन्हा वळवावी लागत नाही आणि पाय सरळ राहत असल्याने गुडघ्यांवर ताण येत नाही. ही निवड योग्यच आहे. मात्र दीड-दोन महिन्यांनी यांपैकी काही जण पुन्हा दवाखान्यात येतात. त्या वेळी तक्रार गुडघ्याची नसते, खांद्याची असते. वेणी घालताना, सदऱ्याची बाही चढवताना किंवा फळीवरचा डबा काढताना खांद्यात कळ येते आणि रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही.

अशा वेळी ‘वय झाले, आता पोहणे पुरे’ असा निष्कर्ष घरचे लोक काढतात. पण बऱ्याच वेळा दोष वयाचा नसतो आणि पोहण्याचाही नसतो. हात पाण्याबाहेर काढून डोक्यामागे नेण्याचे काम एकट्या खांद्याकडून करून घेतले जाते, हा दोष असतो. बॅकस्ट्रोकमध्ये हात उचलण्याचे काम खांद्याच्या आधी धडाने करायचे असते. धड कुशीकडे कलते, खांदा पाण्याबाहेर येतो आणि मग हात त्याच्या मागोमाग उठतो. हा क्रम उलटला, की खांदा दुखू लागतो. तो क्रम काय आहे, तो तसाच का हवा आणि तो चुकत आहे हे काठावर बसलेल्या माणसाला कसे कळावे, एवढेच आज पाहू.

प्रथम खांद्याची रचना. आपला खांदा हा उखळीचा सांधा आहे, पण ही उखळ फार उथळ आहे. दंडाच्या हाडाचा गोल माथा तिच्यात पूर्ण बसत नाही, नुसता टेकलेला असतो. त्याला जागेवर धरून ठेवणारे चार लहान स्नायू फऱ्यापासून निघून त्या माथ्याला चारी बाजूंनी वेढतात. या चौघांना मिळून ‘रोटेटर कफ’ म्हणतात. त्यांच्या वर, खांद्याला गोलाई देणारा मोठा स्नायू म्हणजे डेल्टॉइड. हात उचलताना डेल्टॉइड दंडाचे हाड वर ओढतो आणि त्याच वेळी कफचे स्नायू हाडाचा माथा खाली, उखळीत दाबून धरतात. या माथ्याच्या वर फऱ्याच्या हाडाचे एक छोटे छत असते. माथा आणि छत यांच्यामधल्या अरुंद जागेतून कफचा एक स्नायुबंध जातो. कफ थकला किंवा दुबळा झाला, की माथा वर सरकतो आणि तो स्नायुबंध छताला घासू लागतो. खांद्याच्या दुखण्याचे हे एक अतिशय नेहमीचे कारण आहे.

दुसरी गोष्ट फऱ्याची. हात मांडीपासून पूर्ण वर, कानापर्यंत नेला म्हणजे तो सुमारे १८० अंशांत फिरतो. त्यांपैकी साधारण १२० अंश उखळीत होतात आणि उरलेले ६० अंश फऱ्याच्या फिरण्याने मिळतात. फरा बरगड्यांवरून सरकतो, वर फिरतो आणि आपल्याबरोबर ते छतही बाजूला घेऊन जातो, म्हणून स्नायुबंधाला जागा मिळते. वयानुसार पाठीला बाक आला, की फऱ्याचे हे सरकणे कमी होते. मग तेवढाच हात वर नेण्यासाठी उखळीला जास्त फिरावे लागते.

तिसरी गोष्ट दिशेची आहे, आणि ती घरीच करून पाहता येईल. भिंतीला पाठ टेकून उभे राहा. एक हात भिंतीला घासत, अगदी बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत उचला. आता हात खाली घ्या. पुन्हा उचलताना तो भिंतीपासून दीड-दोन वीत पुढे ठेवून, म्हणजे तिरका, उचला. दुसऱ्या वेळी हात हलका वाटतो आणि अधिक सहज वर जातो. याचे कारण असे, की फरा पाठीवर सपाट बसलेला नसून सुमारे ३० ते ४० अंश पुढे वळलेला असतो. हात फऱ्याच्या या रेषेत उचलला, की कफचे चारही स्नायू सारख्या ताणात राहतात. हात त्या रेषेच्या मागे गेला, की खांद्याच्या पुढच्या बाजूचे आवरण ताणले जाते. हा प्रयोग लक्षात ठेवावा. पाण्यात अंग कलवण्याचे सारे प्रयोजन त्यात आहे.

आता पाण्यात उतरू. उताणे पडलेल्या माणसाच्या छातीत हवा असते, म्हणून छाती तरंगते. मांड्या व पाय जड असतात, म्हणून ते खाली जाऊ पाहतात. डोके पाण्यात टेकलेले, दोन्ही कान बुडालेले आणि नजर सरळ वर छताकडे किंवा आकाशाकडे असेल, तर कंबर वर राहते आणि शरीर एका लांब ओंडक्यासारखे होते. असा ओंडका पाण्यात त्याच्या लांबीभोवती सहज फिरतो. पण आपण कुठे चाललो हे पाहण्यासाठी किंवा नाकात पाणी जाईल या भीतीने डोके उचलले, की कंबर खाली बसते. मग पोहणारा आरामखुर्चीत बसल्यासारखा दिसतो. खुर्चीत बसलेल्या माणसाला कुशीवर वळता येत नाही. म्हणून अंगाचा कल बिघडला असे दिसले, तर तपासणी डोक्यापासून सुरू करावी.

ओंडका सरळ झाला, की कल येतो. उजवा हात पाणी मागे ढकलत मांडीपाशी पोहोचतो, तेव्हा धड डावीकडे कलू लागते. उजवी कंबर थोडी वर येते, पाठोपाठ उजवा खांदा पाण्याबाहेर येतो, आणि मगच हात अंगठ्याच्या बाजूने पाणी सोडतो. त्याच वेळी डावा हात डोक्याच्या पलीकडे पाण्यात शिरत असतो, आणि धड डावीकडे कललेले असल्याने तो आपोआप वीतभर खोल जातो. एकाच कलाने उजव्या हाताला हवा मिळते आणि डाव्याला खोली मिळते. मग धड उजवीकडे कलते आणि हातांची कामे बदलतात. दोन्ही बाजूंना साधारण ३० ते ४५ अंशांचा कल पुरेसा असतो. स्पर्धेचे नियमही ९० अंशांपेक्षा कमी कल मान्य करतात. या सर्व वेळात डोके मात्र हलत नाही. काही शिक्षक कपाळावर पाण्याने अर्धा भरलेला प्याला ठेवून पोहायला लावतात, ते याचसाठी.

खांद्याला याचा फायदा कसा होतो ते पाहू. पाण्यात हाताला जवळजवळ वजन नसते. पाण्याबाहेर येताच त्याचे सगळे वजन परत येते. माणसाचा एक हात त्याच्या वजनाच्या सुमारे पाच टक्के असतो, म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीचा हात अंदाजे तीन किलोंचा. आपण हातात तीन किलोंची पिशवी घेतली तर ती अंगालगत जड वाटत नाही, पण हात आडवा ताणून धरली तर लगेच जड होते. हाताचेही तसेच आहे. तो पाण्याच्या पातळीवर आडवा असतो तेव्हा खांद्यावर सर्वांत जास्त भार येतो आणि छताकडे सरळ उभा असतो तेव्हा सर्वांत कमी, कारण तेव्हा त्याचे वजन थेट उखळीत उतरते. म्हणजे कठीण भाग हात बाहेर पडण्याच्या वेळचाच आहे. खांदा बुडालेला असताना हात काढला, तर दंडावरचे पाणीही डेल्टॉइडला बाजूला सारावे लागते, आणि तेही हात सर्वांत जड असताना. खांदा आधीच वर आला असेल, तर हा टप्पा फार थोडा उरतो आणि हात लवकर उभा होतो.

पाण्याखालच्या हाताचा फायदा तर याहून मोठा आहे. अंग सपाट ठेवून डावा हात पाण्यात खाली नेला, तर तो पाठीच्या रेषेच्या मागे जातो, आणि त्याच स्थितीत त्याला पाणी ओढावे लागते. भिंतीच्या प्रयोगात हात भिंतीतून आरपार मागे न्यावा, तशी ही स्थिती आहे. खांद्याच्या पुढच्या भागात दुखते ते यामुळे. धड डावीकडे कलले असेल, तर तोच हात पाण्यात बाजूला असूनही पाठीच्या पुढे, फऱ्याच्या रेषेत राहतो. मग कोपर थोडे वाकवून पाणी पायांकडे ढकलण्याचे काम पाठीचे व छातीचे मोठे स्नायू करतात आणि कफला फक्त माथा जागेवर धरायचा उरतो.

येथे थोडा इतिहास सांगणे उपयोगी आहे. आरंभीच्या काळात उताणे पोहताना दोन्ही हात एकाच वेळी उचलून मागे टाकण्याची पद्धत होती. १९१२ साली स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये हॅरी हेबनर या अमेरिकन जलतरणपटूने हात आलटून पालटून टाकत शंभर मीटरची बॅकस्ट्रोक शर्यत जिंकली, आणि पुढे तीच पद्धत रूढ झाली. दोन्ही हात एकदम उचलले, तर धडाला कोणत्याही कुशीवर कलता येत नाही. शिवाय सहा किलोंचे वजन एकाच वेळी पाण्याबाहेर आल्याने तोंड पाण्याखाली दाबले जाते. विहिरीत किंवा नदीत पोहायला शिकलेले काही ज्येष्ठ आजही दोन्ही हात एकदम टाकतात. त्यांच्या नाकात पाणी जाते, आणि खांदा दुखला तर दोन्हीकडे दुखतो, त्यामागे हे साधे गणित आहे.

आता हाताच्या पंजाविषयी. हात अंगठ्याने बाहेर पडतो, कोपर सरळ ठेवून खांद्याच्या बरोबर वरून जातो, अर्ध्या वाटेवर पंजा बाहेरच्या बाजूला वळतो आणि करंगळीने पाण्यात शिरतो, असे शिकवले जाते. तरुणांसाठी हे ठीक आहे. पण हा पिळा काही अंशी कोपराखालच्या भागातून येतो आणि उरलेला खांद्यातून. हात वर असताना खांदा आत पिळला, की दंडाच्या हाडाचा उंचवटा नेमका त्या छताखाली येतो आणि आपण पाहिलेली अरुंद जागा आणखी अरुंद होते. म्हणून साठीनंतर पिळा कोपराखालून जेवढा सहज येईल तेवढाच घ्यावा. करंगळी पूर्ण खाली न येता पंजा तिरका शिरला तरी चालते. वेगात थोडा फरक पडतो, खांदा मात्र वाचतो.

हात कुठे शिरावा, हेही ज्याच्या त्याच्या पाठीवर अवलंबून आहे. घरी सतरंजीवर उताणे झोपून गुडघे उभे करा आणि एक हात सरळ वर नेऊन कानाशेजारी जमिनीला टेकवून पाहा. कंबर न उचलता हात टेकला, तर पाण्यात तो खांद्याच्या सरळ रेषेत टाकता येईल. घड्याळाच्या भाषेत डोके बारावर धरले, तर उजवा हात एकवर आणि डावा अकरावर. हात जमिनीपासून चार बोटे वरच राहत असेल किंवा तो टेकवण्यासाठी कंबर उचलावी लागत असेल, तर हात आणखी बाहेर, दोन आणि दहावर टाकावा. पोक आलेल्या बहुतेकांना हीच जागा सोयीची पडते. हात बारावर किंवा डोक्यामागून पलीकडे जाऊ देणे मात्र कोणाच्याच खांद्याला मानवत नाही.

हे सगळे एका रुग्णाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. अडुसष्ट वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका आठवड्यातून चार दिवस पोहत असत. पंचवीस मीटरच्या तलावात बॅकस्ट्रोकच्या सोळा फेऱ्या, म्हणजे चारशे मीटर. अडीच महिन्यांनी त्यांचा उजवा खांदा दुखू लागला. डावा अगदी ठीक होता. तपासताना त्यांनी हात बाजूने उचलला, तर सुमारे ६० अंशांपासून १२० अंशांपर्यंत कळ येई आणि त्याच्या वर ती कमी होई. मी त्यांचा हात धरून फिरवला, तर तो सर्व दिशांना पूर्ण फिरत होता, म्हणजे खांदा आखडलेला नव्हता. मी विरोध केला असता त्यांना दुखत होते, पण जोर टिकत होता, म्हणजे स्नायुबंध मोठ्या प्रमाणावर फाटल्याचे लक्षण नव्हते. मान फिरवल्याने दुखणे वाढत नव्हते आणि हाताला मुंग्या नव्हत्या. माथ्यावरच्या अरुंद जागेतले घर्षण, असे निदान झाले.

पण उजवाच खांदा का? त्यांच्या नातवाने काठावरून मोबाइलवर काढलेले चित्रीकरण पाहिले, तेव्हा उलगडा झाला. तलावाची दोरी त्यांच्या उजव्या हाताला असे. आपण दोरीला धडकू, या भीतीने त्या प्रत्येक हाताला मान उजवीकडे वळवून दोरी पाहत. डोके उजवीकडे वळले, की धडही तिकडेच ओढले जाते. डावा खांदा वर यायला त्याची मदतच होत होती, पण उजवा खांदा वर येण्यासाठी धड डावीकडे कलायला हवे होते आणि ते कलतच नव्हते. त्यामुळे उजवा हात दर वेळी बुडालेल्या खांद्यातून ओढून काढला जाई आणि डोक्यामागे बारावर पडे. हिशेब केला, तर एका फेरीला त्यांचे तीस हात होत, म्हणजे उजव्याचे पंधरा. सोळा फेऱ्यांचे २४० आणि आठवड्याचे ९६० झाले. इतक्या वेळा घासलेला स्नायुबंध दुखला नसता, तरच नवल.

उपचाराचा पहिला भाग विश्रांतीचा होता, पण पाणी बंद केले नाही. दोन आठवडे हात पाण्याबाहेर काढायचा नाही, असे ठरले. दोन्ही हात अंगालगत ठेवून, उताणे पडून, फक्त पाय मारायचे. गरज पडेल तेव्हा साधी वेदनाशामक गोळी आणि फिजिओथेरपिस्टकडून फऱ्याचे व कफचे हलके व्यायाम.

तिसऱ्या आठवड्यात कल शिकायचा होता. हात अंगालगतच ठेवून सहा वेळा पाय मारेपर्यंत डावीकडे कलायचे, इतके की उजवा खांदा कोरडा होऊन हनुवटीजवळ येईल. नंतर सहा वेळा पाय मारेपर्यंत उजवीकडे. डोके स्थिर. कल कंबरेपासून सुरू करायचा, नुसता खांदा उचकवायचा नाही. खांदा उचकवला, तर मानेचे स्नायू आवळतात आणि फरा फिरण्याऐवजी कानाकडे चढतो. त्यांना हे जमायला चार दिवस लागले.

दोरीची भीती घालवण्यासाठी नजरेला दुसरे ठिकाण दिले. त्यांचा तलाव छपराखालचा होता, तेव्हा छताची एक लांब तुळई डोळ्यांसमोर धरून तिच्या रेषेत पोहायचे. भिंत जवळ आल्याचे कळावे म्हणून तलावावर आडव्या बांधलेल्या पताका उपयोगी पडल्या. नियमाप्रमाणे त्या भिंतीपासून पाच मीटरवर असतात. तीस हातांत पंचवीस मीटर म्हणजे पाच मीटरला सहा हात. पताका डोक्यावर आल्या, की त्या पाच हात मोजत आणि मग हात पुढे ठेवून पायांनी भिंत गाठत.

चौथ्या आठवड्यात एकाच हाताने पोहणे, आधी डाव्याने आणि मग उजव्याने, दुसरा हात अंगालगत ठेवून. येथे त्यांना मनाशी म्हणायला एवढेच सांगितले होते, ‘खांदा आधी, हात नंतर.’ पाचव्या आठवड्यात दोन्ही हातांनी चार फेऱ्या, आणि प्रत्येक आठवड्याला दोन फेऱ्यांची वाढ. नियम एकच ठेवला. त्या रात्री किंवा दुसऱ्या सकाळी खांदा आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखला, तर फेऱ्या वाढवायच्या नाहीत, दोन कमी करायच्या. नवव्या आठवड्यात त्या बारा फेऱ्यांवर आल्या. चौदा केल्या, तेव्हा रात्री थोडी कळ आली. म्हणून त्या बारावरच थांबल्या आणि आजही तेवढ्याच करतात. वेणी घालताना आता दुखत नाही. फळीवरचा जड डबा मात्र त्या दोन्ही हातांनी काढतात.

घरच्या ज्या व्यक्ती ज्येष्ठांना तलावावर घेऊन जातात, त्यांना काठावरून बरेच काही पाहता येते. पोहणाऱ्याच्या पायांच्या बाजूला उभे राहावे आणि तो दूर जात असताना पाहावे. पाण्याबाहेर आधी काय येते, खांदा की पंजा? पंजा आधी येत असेल आणि खांद्यावरून पाणी वाहत असेल, तर कल कमी आहे. दोन्ही बाजू सारख्या आहेत का? एका बाजूचा खांदा हनुवटीपाशी येतो आणि दुसऱ्या बाजूचा येत नाही, तर डोके कुठे वळते ते पाहावे. हात उभा होताना कोपर वाकून तोंडावर पाणी गळते का? गळत असेल, तर हात जड होत आहे, माणूस दमला आहे, आता थांबवावे. शेवटी गुडघे पाण्याबाहेर येत असतील आणि कंबर दिसतच नसेल, तर तो खुर्चीत बसला आहे. त्याला नजर वर करायला सांगावे.

काही खांद्यांनी मात्र हात डोक्यावरून टाकूच नये. हात स्वतःहून वर जात नाही, पण दुसऱ्याने उचलला तर जातो, अशी स्थिती असेल, तर स्नायुबंध फाटलेला असू शकतो. हात दुसऱ्याने उचलूनही वर जात नसेल, तर खांदा आखडला आहे. मधुमेहींमध्ये हे अधिक आढळते. पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे किंवा रात्री झोपेतून उठवणारी कळ असेल, तरी आधी तपासणी करावी. डोके मागे टेकताच गरगरत असेल, तर त्याचा उपचार होईपर्यंत उताणे पोहणे टाळावे. आणि एक गोष्ट विसरू नये. पोहताना किंवा जिना चढताना श्रमाबरोबर येणारे आणि थांबल्यावर कमी होणारे खांद्याचे वा दंडाचे दुखणे, विशेषतः त्याबरोबर छातीवर दडपण, घाम किंवा धाप असेल, तर ते खांद्याचे नसून हृदयाचे असू शकते. थांबूनही ते कमी होत नसेल, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

ज्यांचा खांदा तपासणीनंतरही कानापर्यंत जात नाही, त्यांच्यासाठी उताणे पोहण्याचा एक साधा प्रकार आहे. दोन्ही तळवे अंगालगत बरगड्यांवरून काखेपर्यंत सरकवायचे, हात बाजूला पसरायचे पण खांद्याच्या रेषेपलीकडे न्यायचे नाहीत, आणि मग दोन्ही हातांनी पाणी मांड्यांकडे लोटायचे. नंतर दोन-तीन आकडे मोजेपर्यंत तसेच तरंगत राहायचे. यात हात पाण्याबाहेर येतच नाहीत, त्यामुळे त्यांचे वजन उचलावे लागत नाही आणि कलाची गरजही उरत नाही. त्या शिक्षिकाबाई बारा फेऱ्यांनंतर शेवटच्या दोन फेऱ्या याच पद्धतीने करतात, कारण दमलेला कफ माथा धरून ठेवू शकत नाही आणि दमल्यावर अंगही कलत नाही.